प्रिंटरला तार का हवी?

जून महिना लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर दोन गर्द्या एकदम येतात. एक शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासी दाखले काढणाऱ्यांची आणि दुसरी पेरणीच्या तोंडावर सातबारा, आठ-अ, पीककर्जाची कागदपत्रे मागणाऱ्यांची. चिखली तालुक्यातले उंद्री याला अपवाद असण्याचे कारण नाही. अर्ज ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, सहीसुद्धा डिजिटल. तरी बँकेच्या किंवा शाळेच्या टेबलावर शेवटी कागदच ठेवावा लागतो. म्हणून या सगळ्या साखळीची शेवटची कडी म्हणजे कोपऱ्यातला प्रिंटर, आणि नेमका तोच गर्दीच्या वेळी संगणकाच्या पडद्यावर ‘Offline’ होऊन बसतो. प्रिंटर चालू असतो, दिवा हिरवा असतो, कागद भरलेला असतो, पण संगणकाला तो सापडत नाही. मग बंद करून चालू करायचा, राउटर बंद करून चालू करायचा, आणि दारातल्या माणसांना ‘सर्व्हर डाउन आहे’ असे सांगायचे. या दुखण्यावरचा उपाय बहुतेक ठिकाणी एक साधी लॅन केबल असते. मात्र तिचा फायदा कशात आहे आणि कशात नाही, हे समजून न घेता ती लावली तर पहिल्याच दिवशी निराशा पदरी येते.

सर्वांत मोठा गैरसमज वेगाबद्दलचा आहे. केबल लावली की प्रिंट भराभर निघतील, असे सांगून ती गळ्यात मारली जाते. हिशेब करून पाहू. ए-फोर कागद ६०० डीपीआयवर काळ्या-पांढऱ्यात छापायचा तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे सुमारे ७,०१६ ठिपके लागतात; म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला, तर अजिबात न दाबलेले पान साधारण ४३ लाख बाइट्सचे होते, आणि प्रत्यक्षात ते दाबून बरेच लहान करून पाठवले जाते. १०० मेगाबिटच्या केबलवरून हे न दाबलेले पान जायला सुमारे एक-तृतीयांश सेकंद लागेल. वाय-फाय अगदी रडतखडत २० मेगाबिटने चालत असले तरी पावणेदोन सेकंद. उलट, मिनिटाला २० पाने छापणाऱ्या लेझर प्रिंटरला एक पान बाहेर टाकायलाच तीन सेकंद हवेत. म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती यंत्राच्या आधीच पोचते. बऱ्याच ऑफिस-प्रिंटरना बनवणाऱ्यांनी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटचेच पोर्ट दिलेले असते, आणि ते पुरते. वेगासाठी केबल घेण्यात अर्थ नाही. ती घ्यायची ती सातत्यासाठी. पान दरवेळी, दिवसभर, न अडखळता पोचले पाहिजे आणि प्रिंटर विचारल्याबरोबर ‘आहे’ म्हणाला पाहिजे.

वाय-फायला हे सातत्य अवघड का जाते, ते त्याच्या स्वभावात आहे. वाय-फायवरची सगळी यंत्रे एकच हवा वाटून घेतात. एका वेळी एकानेच बोलायचे, इतरांनी ऐकायचे. ग्रामसभेत चार जण एकदम उठले की कुणाचेच कळत नाही, तसेच इथे होते. म्हणून प्रत्येक यंत्र आधी हवा मोकळी आहे का ते ऐकते, थोडा वेळ थांबते आणि मग बोलते. बोललेले पोचले नाही तर पुन्हा बोलते. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. राउटर, शेजारच्या दुकानाचे राउटर, रांगेतल्या लोकांचे केंद्राच्या वाय-फायला जोडलेले मोबाइल, ब्लूटूथची यंत्रे ही सगळी गर्दी याच पट्ट्यात. वर जाड विटांची भिंत, टिनाचे छप्पर किंवा दप्तराचे लोखंडी कपाट आडवे आले की प्रिंटरपर्यंत पोचणारी लहर आणखी कमजोर होते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. संगणक आणि प्रिंटर दोन्ही वाय-फायवर असतील तर पान सरळ संगणकाकडून प्रिंटरकडे जात नाही. ते आधी हवेतून राउटरकडे जाते आणि राउटरकडून पुन्हा हवेतून प्रिंटरकडे. एकच पान हवेचा वेळ दोनदा खाते, आणि दोनपैकी कुठलाही टप्पा बिघडला की पान अडकते. प्रिंटरला केबल लावली की यातला एक टप्पा, तोही कमजोर अँटेनाचा, कायमचा निघून जातो. लॅपटॉप वाय-फायवरच राहिला तरी फरक जाणवतो तो यामुळे. काउंटरवरचा मुख्य संगणकही तारेने जोडला तर हवेचा संबंधच उरत नाही.

अडथळा आल्यावर प्रत्यक्षात काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. पानाचा मधला तुकडा पोचला नाही की संगणक थोडे थांबून तो पुन्हा पाठवतो. तोही गेला नाही तर आधीपेक्षा जास्त थांबतो. तोवर प्रिंटर वाट पाहत असतो. त्याची ठरलेली मुदत संपली की तो काम सोडून देतो. मग अर्धे पान निघते, किंवा उरलेली माहिती उशिरा पोचून कागदावर अर्थहीन अक्षरांच्या दोन-तीन ओळी उमटतात. दुसरा प्रकार झोपेचा. वीज वाचवण्यासाठी प्रिंटर आपला रेडिओही मंद करतो आणि ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ ही संगणकाची हाक त्याला ऐकू जात नाही. यंत्र ठणठणीत असूनही पडद्यावर ते नाहीसे होते.

तारेचे जाळे मुळात प्रिंटरसाठीच जन्माला आले, हा इतिहास इथे सांगण्याजोगा आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ नावाचे रेडिओ-जाळे चालू केले. बेटाबेटांवरची यंत्रे एकाच रेडिओ वाहिनीवर आपापल्या सवडीने बोलायची आणि टक्कर झाली तर पुन्हा बोलायची. ही पद्धत साधी होती, पण गणिताने दाखवले की अशा वाहिनीचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच भाग कामी येतो. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात त्या काळात गॅरी स्टार्कवेदर यांचा लेझर प्रिंटर आकाराला येत होता, आणि अनेक संगणकांना तो एक प्रिंटर वापरू देणारे वेगवान जाळे हवे होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रामसन यांचे काम अभ्यासून तीच कल्पना रेडिओतून तारेत आणली. बोलण्याआधी ऐकायचे आणि टक्कर कळताच थांबायचे हा नियम घातला आणि २२ मे १९७३ च्या टिपणात तिला ‘इथरनेट’ म्हटले. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत उभारलेले ते पहिले जाळे सेकंदाला २.९४ मेगाबिटने चालायचे. पुढे एका सामायिक तारेऐवजी प्रत्येक यंत्राला स्विचपर्यंत स्वतःची तार मिळाली, जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि टक्कर हा प्रकारच संपला. राउटरच्या मागची लॅनची भोके म्हणजे असाच एक छोटा स्विच. वाय-फाय मात्र आजही हवा वाटूनच चालते. त्याचे नियम फार सुधारले, पण वाटणी सुटली नाही.

आता उंद्रीतल्या एखाद्या केंद्राचा नमुना घेऊ. समजा, पुढच्या खोलीत काउंटर, दोन संगणक आणि खिडकीजवळ फायबरचा राउटर आहे. मागच्या खोलीत कपाटाशेजारी लेझर प्रिंटर आणि तिथेच एक लॅपटॉप. सगळ्यांत आधी प्रिंटरची मागची बाजू पाहायची. यूएसबीच्या चौकोनी भोकाशिवाय टेलिफोनच्या भोकापेक्षा जरा रुंद, आत आठ सोनेरी पट्ट्या असलेले भोक असेल तर ते लॅनचे. काही यंत्रांवर त्यावर स्टिकर किंवा टोपी असते. फॅक्सची सोय असलेल्या यंत्रात त्याच्यासारखेच पण अरुंद टेलिफोनचे भोक असते; लॅनची पिन त्यात बसत नाही, जबरदस्ती करू नये. स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये लॅनचे भोक नसतेच, आणि ते मागाहून बसवता येत नाही.

भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून मोजल्यावर अंतर समजा १६-१७ मीटर भरले, तर २० मीटर केबल घ्यावी. मर्यादा १०० मीटरची आहे, म्हणजे एका इमारतीत लांबीची काळजी नाही. कॅट-५ई पुरेशी आहे. कॅट-६ मिळाली तरी चालेल, प्रिंटरला त्याने फरक पडणार नाही. फरक पडतो तो धातूने. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ती वळणावर लवकर तुटते आणि पिनेतले तिचे सांधे सैल होतात. आत पूर्ण तांबे आहे ना, हे विचारूनच घ्यावी. विजेच्या वायरसोबत एकाच केसिंग पट्टीत ती टाकू नये. आडवी ओलांडायला हरकत नाही. टोकांना पिन बसवताना दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच हवा. नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० मेगाबिटच्या जोडणीत पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा कामी येतात. त्यातली एक नीट दाबली गेली नसेल तर दिवा लागत नाही, किंवा लागतो-विझतो. केबलचे एक टोक राउटरच्या `LAN` लिहिलेल्या भोकात आणि दुसरे प्रिंटरमध्ये. राउटरची भोके भरली असतील तर पाच भोकांचा छोटा स्विच मध्ये लावता येतो.

इथवर काम सोपे आहे, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. नेमके यापुढेच पहिल्या दिवशीचे रडगाणे सुरू होते: केबल लावली, दिवा लागला, तरी संगणक ‘Offline’च म्हणतो. कारण असे की, प्रिंटरचे वाय-फाय आणि त्याचे लॅन ही जाळ्याच्या दृष्टीने दोन वेगळी दारे आहेत. प्रत्येकाचा मॅक पत्ता वेगळा, म्हणून राउटर तारेच्या दाराला नवा आयपी पत्ता देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाने पाठवत राहतो. काही प्रिंटर केबल लागताच वाय-फाय आपोआप बंद करतात. काहींमध्ये मेनूत जाऊन तारेचे जाळे निवडावे लागते आणि तोवर ते केबलकडे पाहतही नाहीत. म्हणून प्रिंटरच्या मेनूतून जाळ्याच्या माहितीचे पान छापून घ्यावे. त्यावर तारेचा मॅक पत्ता आणि मिळालेला आयपी पत्ता असतो.

हा पत्ता उद्याही तोच राहील याची खात्री करणे हे केबलइतकेच महत्त्वाचे आहे. राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला दुसराच पत्ता मिळू शकतो. यावर दोन उपाय आहेत. एक, राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता नोंदवून त्याला एकच आयपी राखून ठेवायचा. दुसरा, प्रिंटरमध्येच पत्ता हाताने भरायचा, आणि तो राउटर ज्या हद्दीतले पत्ते वाटतो तिच्या बाहेरचा निवडायचा. उदाहरणार्थ, राउटर `192.168.1.1` असेल आणि वाटपाची हद्द `192.168.1.100` ते `192.168.1.199` ठेवली असेल, तर प्रिंटरला `192.168.1.200` द्यावा. पुस्तकी सल्ला पहिल्याचा असतो, आणि शहरातल्या ऑफिसात तो बरोबर आहे. जिथे वीज वारंवार जाते तिथे मला दुसरा बरा वाटतो. वीज आल्यावर प्रिंटर काही सेकंदांत तयार होतो, पण फायबरचा राउटर उभा राहायला एक-दोन मिनिटे घेतो. पत्ता मागायला गेलेल्या प्रिंटरला कुणी भेटत नाही आणि तो `169.254` ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. पुष्कळ यंत्रे थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, काही लवकर विचारत नाहीत. पत्ता हातानेच भरलेला असेल तर हा प्रश्न येत नाही. त्याची किंमत एवढीच की इंटरनेटची कंपनी बदलली आणि नव्या राउटरचे जाळे वेगळे निघाले, जसे जिओफायबरच्या राउटरचे `192.168.29.1` असते, तर प्रिंटरचा पत्ताही बदलावा लागतो. तो पत्ता कागदावर लिहून प्रिंटरवर चिकटवून ठेवावा.

मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या `Printer properties` मधल्या `Ports` वर जाऊन `Add Port`, त्यात `Standard TCP/IP Port` निवडावे आणि हाच पत्ता भरावा. विंडोज स्वतःहून जे `WSD` पोर्ट बनवते, ते प्रिंटरला हाका मारून शोधण्यावर चालते. पत्ता भरलेले पोर्ट थेट दारावर जाते. पाने निघत असूनही पडद्यावर ‘Offline’ दिसत राहिले, तर त्याच पोर्टच्या `Configure Port` मध्ये `SNMP Status Enabled` ची खूण काढून पाहावी. त्या चौकशीला काही प्रिंटर नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना गैरहजर समजते. हे प्रत्येक संगणकावर एकदाच करायचे आहे.

काम झाले की नाही हे अंदाजाने ठरवू नये. केबल लावण्याआधी वाय-फायच्या पत्त्यावर आणि नंतर तारेच्या पत्त्यावर, दोन्ही वेळा गर्दीच्या तासाला, ही आज्ञा चालवावी:

```
ping -n 100 192.168.1.200
```

संगणक आणि प्रिंटर दोन्ही तारेवर असतील तर जवळजवळ प्रत्येक ओळीत `time<1ms` किंवा एक-दोन मिलिसेकंद दिसेल आणि शेवटी `Lost = 0` येईल. वाय-फायवर तोच आकडा ३, ५, ८०, ३०० असा उड्या मारतो, मधूनच `Request timed out.` येते. सरासरीपेक्षा या उड्यांकडे पाहावे. प्रिंटरला नडतात त्या याच. पुढे कधी बिघाड झाला तर शोधही याच क्रमाने घ्यावा. भोकाजवळचा दिवा विझलेला असेल तर दोष केबलचा किंवा पिनेचा. दिवा आहे पण पत्ता `169.254` चा, तर दोष पत्ता मिळण्यात. पत्ता बरोबर, पिंगही स्वच्छ, तरी छपाई नाही, तर दोष त्या संगणकातल्या पोर्टचा किंवा ड्रायव्हरचा, आणि मग केबलला हात लावायची गरज नाही. लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तरीही प्रिंटर दिसणार नाही, कारण ते जाळे मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.

याला आक्षेप आहेत. पहिला, यूएसबी असताना हे सगळे कशाला? एकच संगणक असेल आणि प्रिंटर त्याच्या शेजारी असेल, तर आक्षेप पूर्ण मान्य आहे, यूएसबीच लावावी. पण यूएसबीची साधी केबल पाच मीटरच्या पलीकडे चालत नाही, आणि दुसऱ्या संगणकावरून छापायचे तर पहिला चालू ठेवावा लागतो. दोन-तीन संगणक झाले की ती सोय अडचण बनते. दुसरा आक्षेप, चांगला नवा राउटर घेतला तर वाय-फायही नीट चालेल. राउटर सुधारेल, प्रिंटरचा रेडिओ तोच राहील. शिवाय वाय-फायचा पासवर्ड गावभर झाला म्हणून बदलला की तो प्रिंटरच्या इवल्या पडद्यावर पुन्हा भरत बसावे लागते. तारेच्या प्रिंटरला पासवर्डशी देणेघेणे नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: मुळात गावात इंटरनेटच जाते, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते, तिथे केबल काय करणार? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. संगणकाकडून प्रिंटरकडे जाणारे पान राउटरमधूनच वळते, ते गावाबाहेर जात नाही. फायबर तुटले तरी उतरवून ठेवलेला सातबारा किंवा दाखला छापता येतो; संकेतस्थळावरून नवा काढता येत नाही, एवढेच. विजेचे मात्र तसे नाही. राउटर छोट्या यूपीएसवर सहज चालतो, आणि तो तसा ठेवावाच. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नये, कारण त्याची शाई पक्की करणारी भट्टी तापताना शेकडो वॅट एकदम ओढते. वीज गेल्यावर छपाई थांबणार, ही मर्यादा केबलने सुटत नाही.

आणि एक इशारा. प्रिंटर शेजारच्या वेगळ्या इमारतीत असेल, तर अंगणावरून उघडी तांब्याची केबल ओढू नये. जवळपास वीज पडली तर त्या तारेतून येणारा दाब दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो, आणि पावसाळ्यात विदर्भात विजा कमी पडत नाहीत. तिथे फायबर ओढावे, नाहीतर वाय-फायच ठेवावे.

केबल असलेल्या प्रिंटरची खरेदी मात्र तार विकत घेताना होत नाही, प्रिंटर घेताना होते. एकदा लॅनचे भोक नसलेले यंत्र आले की पुढची काही वर्षे वाय-फायशी झगडावे लागते. म्हणून केंद्रचालकांनी, पतसंस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी पुढचा प्रिंटर घेताना दरपत्रकातच ‘लॅन पोर्टसह’ असे लिहून मागावे आणि यंत्र ताब्यात घेताना मागची बाजू पाहूनच पावतीवर सही करावी.